विक्रीचा अंदाज: अल्फा निवडताना या चुका टाळा

घाऊक किराणा दुकानात तेलाचे डबे आठवड्याला किती मागवायचे, हे ठरवायला सरकती सरासरी (मूव्हिंग अ‍ॅव्हरेज) किंवा एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग पुरेसं असतं. गणित तर सातवीच्या मुलालाही जमेल. तरीही अंदाज फसतो, आणि बहुतेक वेळा तो फसतो अल्फा निवडताना, म्हणजे मागच्या चुकीचा किती हिस्सा पुढच्या अंदाजात धरायचा हे ठरवताना. मागच्या चुका मोजून अल्फा ठरवायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण चूक नेमकी कशाची मोजायची इथेच घोळ होतो.

समजा, एका दुकानाची बारा आठवड्यांची विक्री (डब्यांत) अशी आहे. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत:

८०, ८६, ७७, ८३, ७९, ८८, ८१, ७६, ८५, ८२, ७८, ८७

एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगचा नियम एका ओळीचा आहे. पुढचा अंदाज म्हणजे मागचा अंदाज, अधिक मागच्या चुकीचा अल्फा-एवढा हिस्सा. चूक म्हणजे प्रत्यक्ष विक्री वजा अंदाज. अल्फा ०.२ असेल तर प्रत्येक चुकीचा पाचवा भाग आपण मनावर घेतो, बाकीचा योगायोग म्हणून सोडून देतो.

पहिले चार आठवडे सुरुवातीसाठी बाजूला ठेवू. त्यांची सरासरी ८१.५, तोच पाचव्या आठवड्याचा अंदाज. चुका पाचव्या ते बाराव्या आठवड्याच्याच मोजायच्या, म्हणजे कुठलाही अल्फा किंवा कितीही आठवड्यांची सरासरी असो, परीक्षा सगळ्यांची एकाच पेपरावर होते. तीन आठवड्यांच्या सरासरीला नऊ चुका आणि सहा आठवड्यांच्या सरासरीला सहा, अशी तुलना करून काही कळत नाही.

एक्सेलमध्ये आठवडे ओळ २ ते १३ मध्ये, विक्री B मध्ये, अंदाज C मध्ये, चूक D मध्ये आणि अल्फा F1 मध्ये ठेवला तर:

```
C6:  =AVERAGE(B2:B5)
C7:  =C6+$F$1*(B6-C6)
D6:  =ABS(B6-C6)
F2:  =AVERAGE(D6:D13)
```

C7 खाली C14 पर्यंत ओढायचा आणि D6 खाली D13 पर्यंत. C14 मध्ये तेराव्या आठवड्याचा अंदाज येतो आणि F2 मध्ये सरासरी चूक. F1 बदलत जायचं आणि F2 पाहत जायचं.

ओळ सरकवायला विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पाचव्या आठवड्याची विक्री धरून काढलेली सरासरी पाचव्या आठवड्याच्याच विक्रीशी ताडून पाहिली, तर तो अंदाज राहत नाही. उत्तरपत्रिका समोर ठेवून दिलेली ती परीक्षा होते.

आपल्या आकड्यांवर फरक पाहा. पहिल्या रकान्यातली चूक विक्री कळण्याआधीच्या अंदाजाची आहे. दुसऱ्यातली, विक्री कळल्यावर सुधारलेल्या आकड्याची.

| अल्फा | खरी सरासरी चूक | न सरकवता दिसणारी चूक |
|---|---|---|
| ०.२ | ३.९ डबे | ३.१ डबे |
| ०.५ | ४.६ डबे | २.३ डबे |
| ०.८ | ५.५ डबे | १.१ डबे |

क्रम पूर्ण उलटला. कारण साधं आहे: न सरकवता मोजलेली चूक ही खऱ्या चुकीच्या (१ − अल्फा) पट असते. अल्फा १ केला की ती शून्य होते, मग विक्री कशीही उड्या मारो. म्हणून अल्फा शोधताना उत्तर १ च्या दिशेने धावू लागलं आणि चूक जवळजवळ नाहीशी झाली, तर आनंद मानण्याआधी ओळी तपासा. नव्याण्णव टक्के वेळा तीच भानगड असते असं म्हणावंसं वाटतं, इतकी ती नेहमीची आहे.

सरकत्या सरासरीतही हेच होतं. चार आठवड्यांच्या सरासरीची खरी चूक ३.९ डबे आहे, न सरकवता ती ३.१ दिसते. एक्सेलच्या Data Analysis मधलं Moving Average हे साधन सरासरी शेवटच्या आठवड्याच्याच ओळीत लिहितं. ती आकडेवारी पुढच्या आठवड्याचा अंदाज म्हणून वापरायची, तर रकाना एक ओळ खाली घ्यावा लागतो.

तपासायची खूण: अंदाजाच्या कुठल्याही खान्यावर क्लिक करा. सूत्रात त्याच ओळीतली विक्री दिसली, तर चूक तिथेच आहे.

Damping factor ला अल्फा समजणं

Data Analysis मध्येच Exponential Smoothing आहे. ते अंदाज बरोबर एक ओळ खाली लिहितं, पण अल्फा विचारत नाही. ते विचारतं Damping factor, आणि तो असतो १ − अल्फा. चौकट रिकामी ठेवली तर ०.३ धरला जातो, म्हणजे अल्फा ०.७, दुकानाच्या विक्रीसाठी बराच चंचल.

अल्फा ०.२ हवा म्हणून तुम्ही ०.२ टाइप केलंत, तर प्रत्यक्षात ०.८ चालतो. आपल्या मांडणीत ०.२ ने तेराव्या आठवड्याला ८२ डबे येतात, ०.८ ने ८५. शेवटच्या आठवड्यात ८७ डबे खपले म्हणून अंदाज त्यांच्यामागे पळाला. तीन डब्यांचा फरक किरकोळ वाटेल, पण पुढच्या आठवड्यात विक्री पडली की तोच अंदाज तितक्याच जोरात खाली येईल, आणि ऑर्डर दर आठवड्याला हेलकावे खाईल.

या साधनाने तयार केलेल्या खान्यात सूत्र उघडं दिसतं. विक्रीच्या खान्याला जो आकडा गुणलेला आहे, तो अल्फा.

सर्वांत कमी चूक म्हणजेच योग्य अल्फा, असं मानणं

आता आणखी खाली उतरू. अल्फा ०.३ ला चूक ४.१, ०.२ ला ३.९, ०.१ ला ३.७. आणि अल्फा शून्य ठेवून दर आठवड्याला ८१.५ च सांगत राहिलो, तर ३.५! म्हणजे या बारा आठवड्यांत विक्रीची पातळी हललेलीच नाही. वरखाली जे दिसतं ते गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्याचं आहे.

मग अल्फा शून्य ठेवायचा का? नाही. शून्य अल्फा काहीच शिकत नाही. समोर दुसरं दुकान उघडलं आणि विक्री ६० वर आली, तरी तो ८१.५ च म्हणत राहील. ०.१ ते ०.२ ठेवण्याची किंमत इथे आठवड्याला पाव ते अर्धा डबा आहे, आणि बदल लक्षात येण्यासाठी ती द्यावी. आठ चुकांच्या जोरावर ०.१७ की ०.१९ असा कीस पाडण्यातही अर्थ नाही. ०.१ च्या पायऱ्यांनी पाहणं पुरे.

छोट्या अल्फाला एक अट मात्र आहे: सुरुवातीचा आकडा जपून घ्या. अल्फा ०.१ असेल तर आठ आठवड्यांनंतरही सुरुवातीच्या आकड्याचं वजन ०.९ चा आठवा घात, म्हणजे ४३ टक्के उरतं. पहिला आठवडा सणाचा असेल आणि तोच एकटा सुरुवातीला घेतलात, तर दोन महिने अंदाज फुगलेला राहील. चार-पाच आठवड्यांची सरासरी घेण्याचं कारण हेच.

माल संपलेला आठवडा तसाच ठेवणं

वहीत लिहिलेली असते विक्री, आणि आपल्याला हवी असते मागणी. माल असेपर्यंत दोन्ही एकच. समजा आठव्या आठवड्यात मंगळवारीच डबे संपले आणि ७६ ऐवजी २० नोंदले गेले. अल्फा ०.२ ने त्या आठवड्याचा अंदाज ८२ होता. चूक ६२ डबे. नवव्या आठवड्याचा अंदाज लगेच ७० वर येतो, आणि तेराव्यालाही तो ७८ च्या आसपासच असतो, ८२ वर पोचत नाही. कमी अंदाज म्हणून कमी माल, कमी माल म्हणून पुन्हा कमी विक्री, असं हे चाक फिरत राहतं.

अल्फा निवडण्यावर परिणाम आणखी वाईट. चुकांचे वर्ग करून बेरीज घेतली, तर आठ आठवड्यांच्या एकूण बेरजेपैकी ८८ टक्के हिस्सा या एका आठवड्याचा येतो. मग अल्फा गिऱ्हाइकांवरून ठरत नाही, ट्रक उशिरा आला त्यावरून ठरतो. म्हणूनच छोट्या दुकानाच्या आकड्यांत वर्गांपेक्षा साधी सरासरी चूक बरी, कारण तिच्यावर एका अचाट आकड्याचं राज्य इतकं चालत नाही.

उपाय असा: माल संपलेल्या आठवड्याला वहीत खूण करा. त्या आठवड्यापुरता अंदाज हलवू नका, म्हणजे नववाही ८२ च राहू द्या, आणि ती चूक सरासरीतून वगळा. लग्नघरातून एकगठ्ठा चाळीस डब्यांची ऑर्डर आली असेल, तर तेही असंच वेगळं काढा. पण विक्री नुसती कमी किंवा जास्त झाली एवढ्यासाठी आठवडा वगळायचा नाही. कारण सांगता आलं पाहिजे.

चढत्या विक्रीवर अल्फा वाढवत जाणं

विक्री दर आठवड्याला ३ डब्यांनी चढत असेल, तर अल्फा ०.२ चा अंदाज कायम १५ डबे मागे राहतो (३ भागिले ०.२). चार आठवड्यांची सरासरी साडेसात डबे मागे राहते. अल्फा वाढवला की अंतर कमी होतं, पण १ केला तरी ३ उरतातच, आणि वर मघाचे हेलकावे येतात. चढ असेल तर चार्ल्स होल्ट यांची १९५७ ची पद्धत घ्यावी. ती पातळीसोबत चढाचाही अंदाज ठेवते. सणांचा चढउतार याहून वेगळा आहे, आणि महिनावार आकड्यांत तर तो जागाही बदलतो: लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. गेल्या नोव्हेंबरवरून हा नोव्हेंबर काढायला गेलात तर दिवाळीनंतर माल येऊन पडेल.

चढ आहे की नाही हे चिन्हांवरून कळतं. सरासरी चूक काढताना उणे-अधिक पुसलं जातं, म्हणून शेजारी चिन्हांसकट चुकांची बेरीजही ठेवा आणि तिला सरासरी चुकीने भागा. आपल्या मूळ आकड्यांत अल्फा ०.२ ला ही बेरीज ३.६ येते, भागाकार ०.९. काही बिघडलेलं नाही. भागाकार ४ च्या वर किंवा उणे ४ च्या खाली गेला, तर अंदाज एकाच बाजूला झुकला आहे असं धरायची प्रथा आहे. सगळ्या चुका एकाच चिन्हाच्या असतील, तर हा भागाकार आठवड्यांच्या संख्येइतकाच असतो. म्हणजे ३ डब्यांच्या चढावर मोजणी सुरू केल्यापासून पाचव्या आठवड्याला तो ५ होतो आणि सीमा ओलांडतो.