सोनोग्राफी रिपोर्टमधलं ‘इम्प्रेशन’ कसं वाचावं

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की नजर थेट तळाच्या ‘इम्प्रेशन’वर जाते, आणि ते बरोबरच आहे. वर एकेका अवयवाची नोंद असते, तर तळाशी त्यातून रेडिओलॉजिस्टने काढलेला निष्कर्ष. घोळ होतो तो तिथल्या जपून लिहिलेल्या भाषेमुळे. कुणाला वाटतं डॉक्टरांनाच नक्की कळलेलं नाही, कुणाला वाटतं काहीतरी लपवताहेत. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं.

एक नमुना घेऊ. जेवणानंतर पोटात वर उजव्या बाजूला दुखतं, म्हणून एका बाईंची सोनोग्राफी झाली. इम्प्रेशनचा मराठीत आशय असा:

- पित्ताशयाच्या भिंतीला लागून ५ मिलिमीटरचा ठिपका, न हलणारा, मागे सावली नाही. बहुधा पॉलिप, चिकटलेला खडा असण्याची शक्यता कमी.
- स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग गॅसमुळे दिसला नाही.
- क्लिनिकल कोरिलेशन करावं. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.

१. दिसलं काय आणि त्यावरून ठरवलं काय, हे वेगळं करा. ५ मिलिमीटर, न हलणारा, सावली नसलेला ठिपका हे दिसलेलं आहे. पॉलिप, म्हणजे भिंतीतून आत उगवलेली छोटी वाढ, हा त्यावरून बांधलेला अंदाज आहे. खडा ध्वनिलहरी अडवतो, म्हणून पडद्यावर त्याच्यामागे काळी सावली पडते. शिवाय रुग्णाला कुशीवर वळवलं की तो घरंगळतो. पॉलिप भिंतीतूनच उगवलेला असल्यामुळे जागचा हलत नाही. मग सरळ ‘पॉलिप आहे’ असं का लिहीत नाहीत? कारण अगदी बारीक खड्याची सावली कधी कधी पडत नाही, आणि भिंतीला चिकटलेला खडाही हलत नाही. ‘लाइकली’, म्हणजे ‘बहुधा’, हा शब्द एवढ्याच फटीसाठी असतो.

२. शब्दाचं वजन ओळखा. ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे दिसलेलं चित्र त्या निदानाशी जुळतं. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ आणि ‘लाइकली’ म्हणजे कल त्या बाजूला आहे. ‘पॉसिबल’ त्याहून हलकं. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ वाचून सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते, पण त्याचा अर्थ एवढाच की या तपासणीवरून ती शक्यता खोडता येत नाही. ती आहे असं कुणी म्हटलेलं नाही. मात्र प्रत्येक रेडिओलॉजिस्ट हे शब्द एकाच मापाने वापरतो असं नाही, त्यामुळे त्यांना टक्केवारी लावत बसू नका. दोन शक्यता दिल्या असतील तर सहसा पहिली जास्त संभाव्य असते.

३. ‘दिसलं नाही’ आणि ‘नॉर्मल आहे’ यांत गल्लत करू नका. माझ्या मते ही सर्वांत जास्त दुर्लक्षित ओळ. ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत, त्यामुळे आतड्यातल्या गॅसमागचं स्वादुपिंड झाकलं जातं. ही नेहमीची अडचण आहे, आजाराची खूण नव्हे. पण त्या भागाची तपासणी झालेली नाही, हे खरंच. दुखणं वरच्या पोटात असेल, पाठीकडे जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: “हा भाग दिसलेला नाही, वेगळी तपासणी लागेल का?”

४. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे सापडलेलं तुमच्या तक्रारीशी ताडून पाहणं. हे वाक्य जबाबदारी झटकण्यासाठी लिहितात असा समज आहे. कधी सवयीनेही लिहिलं जातं, ते नाकारत नाही. इथे मात्र त्याला अर्थ आहे. एवढासा पॉलिप सहसा दुखत नाही; बऱ्याचदा तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडतो. म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी सापडलं, तरी दुखण्याचं कारण अजून सापडलेलं नसू शकतं. तो ठिपका खडा निघाला तर गोष्ट बदलते, कारण जेवणानंतरचं असं दुखणं खड्याशी जुळतं. हा निर्णय दुखणं ऐकून आणि पोट तपासून होतो, फक्त चित्रावरून नाही.

५. पुन्हा तपासणी कशासाठी, ते समजून घ्या. पित्ताशयाच्या पॉलिपमध्ये आकाराला महत्त्व असतं. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. ५ मिलिमीटरचा, जोखमीचं दुसरं काही नसताना, अनेकदा नुसता सोडूनही देतात. म्हणून सहा महिन्यांची तारीख खरंच गरजेची आहे का, हे विचारायला हरकत नाही. गेलात तर जुना रिपोर्ट आणि प्रतिमा सोबत न्या आणि आधी सांगतील तेवढा वेळ उपाशी राहा, कारण जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि नीट दिसत नाही. नव्या रिपोर्टात ५ चे ६ मिलिमीटर झाले, तर लगेच ‘वाढलं’ म्हणू नका. मोजताना पोटावर फिरवतात त्या प्रोबचा कोन किंचित बदलला तरी एवढा फरक पडतो.

मधल्या काळात ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले किंवा दुखणं काही तास थांबेचना, तर रिपोर्टमधली तारीख बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.