बोटांच्या पेरांवर १४४ पर्यंत मोजताय? या चुका टाळा

पद्धत सोपी आहे. उजव्या हाताचा अंगठा हा काटा. उरलेल्या चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं, म्हणजे बारा. करंगळीवर १, २, ३, अनामिकेवर ४, ५, ६, मधल्या बोटावर ७, ८, ९ आणि तर्जनीवर १०, ११, १२. प्रत्येक बोटावर वरून खाली. डाव्या हाताचीही रचना हीच, फक्त तिथलं एक पेर म्हणजे एक पूर्ण डझन. बारा डझन झाले की १४४. तरी उत्तर चुकतं, आणि किती चुकलं यावरून बहुतेक वेळा कुठे चुकलं तेही सांगता येतं.

उत्तर बरोबर १२ ने चुकलं, तर दोष डाव्या हाताचा. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे मोजणी सुरू करतानाच डावा अंगठा करंगळीच्या वरच्या पेरावर टेकवून ठेवणं. ‘पहिला डझन चालू आहे’ असं मनात असतं, पण शेवटी वाचताना तेच पेर ‘एक डझन झाला’ असं वाचलं जातं आणि १२ वाढतात. डावा हात फक्त पुरे झालेले डझन सांगतो. पहिला डझन संपेपर्यंत डावा अंगठा मोकळा हवा.

याच चुकीचा दुसरा अवतार हातचा देताना दिसतो. समजा ३५ झाले आहेत: डावा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर (२ डझन), उजवा तर्जनीच्या मधल्या पेरावर (११). छत्तिसावी वस्तू आली, उजवा अंगठा तर्जनीच्या खालच्या पेरावर गेला. आता डावा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर न्या आणि उजवा लगेच उचला. इथे पुष्कळ जण डावा पुढे नेतात, पण उजवा तिथेच टेकलेला राहतो. त्याच क्षणी कोणी हाक मारली आणि परत येऊन हात वाचले, की ३६ + १२ म्हणजे ४८ होतात. दोन्ही हालचाली एकाच दमात करा, पुढची वस्तू त्यानंतरच बघा. शेवटालाही हाच नियम: १४४ म्हणजे डावा अंगठा तर्जनीच्या खालच्या पेरावर आणि उजवा हवेत. दोन्ही अंगठे खालच्या पेरावर असतील तर ते १५६ आहेत.

फरक २ चा असेल तर उजव्या हाताची वाट तपासा. करंगळीवरून खाली उतरल्यावर अंगठ्याला अनामिकेच्या खालच्या पेरावर जाणं जवळचं वाटतं आणि मोजणी नागमोडी होते. मग अनामिकेचं वरचं पेर कधी ४ तर कधी ६. मधल्या पेरावर थांबलात तर चूक दिसतही नाही, म्हणून ही सवय बरेच दिवस लपून राहते. फरक ३ चा असेल तर बहुधा उजव्या हाताचं एखादं बोटच सुटलं, ३६ चा असेल तर डाव्या हाताचं.

काहींची गडबड याच्याही आधी होते: पेर मोजायचं की रेघ? बोटाचं टोकही वेगळं धरलं तर एका बोटावर चार होतात आणि हाताचे सोळा. रेघेवर टेकू नका, पेराच्या मांसल भागावर टेका.

तोंडाने मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. बाराच्या पुढे तेरा, चौदा म्हणू नका. हात १ वर आणि तोंड १३ वर असलं की दोघांपैकी एक घसरतोच. पुन्हा एकपासून म्हणा. उत्तर वाचतानाही डावा ७ आणि उजवा ५ म्हणजे ७५ नव्हे, सात डझन ८४ आणि वर ५, एकूण ८९.

मोठी अडचण मात्र हिशेबाची नाही. दोन्ही हात अडकतात! वस्तू उचलायला डावा हात वापरला की अंगठा सुटतो आणि डझन हरवतात. त्यामुळे ही रीत नजरेने किंवा कानाने मोजायच्या गोष्टींसाठी चांगली; वस्तू हलवायच्या असतील तर दुसऱ्याला हलवू द्या.

हात बसलाय का हे पाहायला जोकर काढलेला पत्त्यांचा कॅट दुसऱ्या कोणाला एकेक पान टाकायला सांगा. ५२ म्हणजे चार डझन आणि चार, तेव्हा दोन्ही अंगठे अनामिकेच्या वरच्या पेरावर यायला हवेत. दोन कॅट असतील तर १०४, म्हणजे आठ डझन आणि आठ: दोन्ही अंगठे मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर. पण या दुसऱ्या चाचणीवर एकटीवर विसंबू नका. शेवट मधल्या पेरावर होत असल्यामुळे नागमोडी मोजणारा तिच्यात सहज सुटतो, ५२ वर मात्र सापडतो.