वीन ब्रिज ऑसिलेटर: लूप गेन आणि फेज ब्रेडबोर्डावर कसे ओळखायचे

ओरलला ‘बार्कहाउजेन क्रायटेरिया सांग’ म्हटलं की पाठ केलेलं उत्तर धाडकन येतं: लूप गेन एक, फेज शून्य किंवा 360 अंश. मग मी त्याच मुलाला विचारतो, ‘तुझ्या हिशेबाने फीडबॅकला 20 किलोओहम हवेत, मग तू 22 का लावलेस?’ बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘सर, लॅबमध्ये 20 चा नव्हता.’ उत्तर खरं असतं. पण नेमका 20 चा मिळाला असता तर सर्किट सुरू झालं असतं की नाही, हे त्याला सांगता येत नाही, आणि सगळा विषय तिथेच आहे. डिप्लोमाच्या किंवा डिग्रीच्या पहिल्या ॲनालॉग प्रॅक्टिकलला बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सर्किट एकच घेतो: 741 वरचा वीन ब्रिज.

आधी आकडे ठरवून घेऊ. वीन नेटवर्कमध्ये एक रेझिस्टर आणि कपॅसिटर सिरीजमध्ये, दुसरी तशीच जोडी पॅरललमध्ये. दोन्ही रेझिस्टर 10 किलोओहम, दोन्ही कपॅसिटर 0.01 मायक्रोफॅरड. ऑप-ॲम्पचं आउटपुट सिरीज जोडीतून नॉन-इन्व्हर्टिंग पिनला येतं आणि पॅरलल जोडी त्या पिनपासून ग्राउंडला जाते. इन्व्हर्टिंग पिनकडे नेहमीचा डिव्हायडर: ग्राउंडला 10 किलोओहम, आउटपुटला 22 किलोओहम. सप्लाय प्लस-मायनस 12 व्होल्ट.

नेटवर्कमधून परत येणारा भाग असा:

β = 1 / (3 + j(x − 1/x)),  x = f/f0,  f0 = 1/(2πRC)

f0 इथे 1.59 किलोहर्ट्झ येते. या एकाच फ्रिक्वेन्सीला j चं पद शून्य होतं, म्हणजे नेटवर्कची फेज शून्य होते आणि सिग्नल एक-तृतीयांश होऊन परत येतो. खालच्या फ्रिक्वेन्सीला तो पुढे सरकतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला मागे पडतो. नॉन-इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर स्वतः फेज फिरवत नाही (सध्या असं धरू, शेवटी हे गृहीतक सोडायचं आहे), म्हणून लूपची फेज फक्त f0 ला शून्य. फ्रिक्वेन्सी फेजने ठरते. गेनने फक्त एवढं ठरतं की त्या फ्रिक्वेन्सीचं काय होणार: वाढणार, टिकणार की विझणार.

ते किती वेगाने होतं हेही काढता येतं. ॲम्प्लिफायरचा गेन A असेल तर सर्किटचं समीकरण

s² + (3 − A)·ω0·s + ω0² = 0

असं येतं. A बरोबर 3 असेल तर मधलं पद गायब होतं आणि साइन वेव्ह आहे तेवढ्याच उंचीची राहते. मात्र ‘आहे तेवढीच’ म्हणजे किती, हे समीकरण सांगत नाही. सुरुवातीला आउटपुटला मायक्रोव्होल्टमधला नॉइज असेल, तर तेवढ्याच मायक्रोव्होल्टवर ती कायम राहील. शिवाय रेझिस्टर जरा तापला आणि गेन 2.99 झाला, की तीही विझेल. A 2.9 असेल तर दर 2 मिलिसेकंदांनी लाट सुमारे 37 टक्क्यांवर येते. सप्लाय चालू करताना स्कोपवर छोटी झुळूक दिसते आणि सपाट रेघ उरते.

22 किलोओहमने A 3.2 होतो. आता लूप गेन 1.07 च्या जवळ आहे आणि दर मिलिसेकंदाला लाट 2.7 पट होते. एका मिलिव्होल्टपासून 10 व्होल्टपर्यंत जायला साधारण 9 मिलिसेकंद लागतात. प्रिसेटने A 3.02 वर आणला तर हाच वेळ दहापट होतो. डीएसओचा सिंगल ट्रिगर लावून सप्लाय चालू करा, लाट फुगत जाताना दिसेल. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये हा फोटो नसतो याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण क्रायटेरियाचं खरं रूप त्यातच दिसतं.

ही वाढ कुठेतरी थांबलीच पाहिजे. काहीच केलं नाही तर ती ऑप-ॲम्पच्या सॅच्युरेशनला, म्हणजे 10-11 व्होल्टला थांबते आणि माथे कापले जातात. माथा कापला गेला की आउटपुटमधला मूळ फ्रिक्वेन्सीचा भाग इनपुटच्या 3.2 पट राहत नाही. कापणी वाढत जाते आणि हा सरासरी गेन बरोबर 3 झाला की लाट स्थिर होते. म्हणजे पुस्तकातला ‘लूप गेन एक’ आपण लावत नाही, सर्किट स्वतःच तिथे पोहोचतं. आपण सुरुवातीला एकापेक्षा थोडा जास्त द्यायचा आणि तो एकापर्यंत कोण आणणार, हे ठरवायचं. ऑप-ॲम्पवर सोपवलं तर माथे चपटे. त्यापेक्षा 22 च्या जागी 18 आणि 4.7 किलोओहम सिरीजमध्ये घ्या आणि 4.7 च्या दोन्ही टोकांना दोन 1N4148 डायोड उलटसुलट लावा. लहान सिग्नलला डायोड बंद असतात, गेन 3.27. सिग्नल वाढला की ते चालू होऊ लागतात आणि गेन 2.8 कडे सरकतो. मध्ये कुठेतरी 3 सापडतो, इथे साधारण 7-8 व्होल्ट पीकला, म्हणजे सॅच्युरेशनच्या बराच आत. विल्यम ह्यूलेटने 1939 मध्ये हेच काम डायोडऐवजी छोट्या दिव्याला दिलं होतं. फिलामेंट तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून दिवा ग्राउंडकडच्या रेझिस्टरच्या जागी. दिवा सावकाश तापतो, एका सायकलमध्ये त्याचा रेझिस्टन्स फारसा बदलत नाही, म्हणून त्याची लाट डायोडवाल्या लाटेपेक्षा पुष्कळ स्वच्छ असते.

सिम्युलेशन करणाऱ्यांना एक सूचना. एलटीस्पाइसच्या ट्रान्झिएंट रनमध्ये रेझिस्टरचा नॉइज नसतो. सर्किट बरोबर असूनही आउटपुट शून्यावर बसून राहतं, आणि मुलं व्हॅल्यू बदलत बसतात. नॉन-इन्व्हर्टिंग पिनच्या नोडला p नाव द्या आणि त्याला हलकासा धक्का द्या:

```
.tran 0 200m 0 5u
.ic V(p)=10m
```

आता लॅबमधली सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार: ‘शेजारच्या ग्रुपच्याच व्हॅल्यू आहेत, त्यांचं चालतं, आमचं नाही.’ β एक-तृतीयांश असतो तो दोन्ही जोड्या समान असतील तरच. सिरीजची जोडी R1, C1 आणि पॅरललची R2, C2 धरली तर लागणारा गेन

A = 1 + R1/R2 + C2/C1

एवढा असतो. 10 टक्के टॉलरन्सचे कपॅसिटर घेतले आणि नशिबाने C1 दहा टक्के कमी, C2 दहा टक्के जास्त निघाला, तर C2/C1 1.22 होतो. लागणारा गेन 3.22, आपला 3.2. सर्किट गप्प. फ्रिक्वेन्सी मात्र दोन्ही कपॅसिटरच्या गुणाकारावर ठरते, आणि तो जेमतेम एक टक्का बदललेला असतो. त्यामुळे फ्रिक्वेन्सीच्या हिशेबात काही चुकल्याचं दिसतच नाही. हेच दोन कपॅसिटर अदलाबदल करून लावा: गुणोत्तर 0.82 होतं, लागणारा गेन 2.82, आणि तेच सर्किट झटक्यात सुरू होतं, फक्त माथे जास्त कापलेले. एलसीआर मीटर हाताशी नसेल तर ही अदलाबदल हीच उत्तम चाचणी.

तरीही सुरू झालं नाही तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा लूप तोडून मोजावा. ऑप-ॲम्पचं आउटपुट आणि वीन नेटवर्क यांच्यामधली वायर काढा, 22 किलोओहमची तशीच ठेवा. नेटवर्कच्या मोकळ्या टोकाला फंक्शन जनरेटरमधून 300 मिलिव्होल्ट पीकची साइन द्या. इथेच तोडायचं, कारण ऑप-ॲम्पच्या आउटपुटचा इम्पीडन्स कमी असतो आणि जनरेटरचाही 50 ओहम असतो. नेटवर्कला काही बदललंय हे कळत नाही. दुसरीकडे कुठे तोडलं तर लोडिंग बदलतं आणि मोजलेला लूप गेन त्या सर्किटचा राहत नाही. एक चॅनल जनरेटरवर, दुसरा ऑप-ॲम्पच्या आउटपुटवर, स्कोप एक्स-वाय मोडमध्ये. फ्रिक्वेन्सी फिरवत जा. लंबवर्तुळ मिटून तिरकी रेघ झाली की फेज शून्य. त्याच जागी आउटपुट भागिले इनपुट म्हणजे लूप गेन. 320 मिलिव्होल्ट मिळाले तर वायर परत जोडली की सर्किट चालणार. 290 मिळाले तर नाही, मग बाकी काहीही तपासा. सिग्नल लहान ठेवायचा तो एवढ्याचसाठी, की डायोड चालू होऊन घटलेला गेन आपण मोजू नये.

एक बिघाड असा आहे, की त्यात पाठ केलेला क्रायटेरिया सरळ चकवतो. आउटपुट सपाट आहे, पण शून्यावर नाही, 10-11 व्होल्टवर चिकटलेलं आहे. हे दिसलं की मी आधी पिन 2 आणि पिन 3 बघतो. बहुधा त्या उलट लागलेल्या असतात. मग डिव्हायडर पॉझिटिव्ह फीडबॅक देतो आणि वीन नेटवर्क निगेटिव्ह. डीसीला सिरीज कपॅसिटर वाट अडवतो, म्हणून निगेटिव्ह फीडबॅक शून्य. पॉझिटिव्ह मात्र एक-तृतीयांश, तोही ऑप-ॲम्पच्या लाखभर ओपन-लूप गेनसह. लूप गेन एकापेक्षा कितीतरी जास्त, फेज शून्य, आणि तरीही ऑसिलेशन नाही. सर्किट एका बाजूला लॅच होऊन बसतं. बार्कहाउजेनची अट ऑसिलेशनला आवश्यक आहे, पुरेशी नाही, आणि याचं यापेक्षा स्वस्त उदाहरण मला माहीत नाही.

आता ते बाजूला ठेवलेलं गृहीतक. कपॅसिटर बदलून 1 नॅनोफॅरड करा. f0 15.9 किलोहर्ट्झ यायला हवी, मोजल्यावर 14.8 च्या आसपास मिळते. मुलं टॉलरन्सवर ढकलतात. पण 741 चा गेन-बँडविड्थ साधारण 1 मेगाहर्ट्झ आहे. गेन 3 ला त्याची बँडविड्थ 330 किलोहर्ट्झच्या आसपास उरते, आणि 15.9 किलोहर्ट्झला तो 2.7 अंश मागे पडतो. लूपची फेज शून्य व्हायची तर नेटवर्कने 2.7 अंश पुढे जायला हवं, म्हणजे f0 च्या खाली सरकायला हवं. वीन नेटवर्कची फेज f0 जवळ फार हळू बदलते, म्हणून एवढ्याशा कोनासाठी 7 टक्के खाली जावं लागतं. 1.59 किलोहर्ट्झला हाच फरक पाऊण टक्काही नसतो, म्हणून आधी दिसला नाही.

याच फ्रिक्वेन्सीला 741 चा स्लू रेटही आड येतो. प्रति मायक्रोसेकंद 0.5 व्होल्टने 5 व्होल्ट पीकपर्यंतचीच साइन निघते, त्यापुढे लाट त्रिकोणी होत जाते आणि फ्रिक्वेन्सी आणखी घसरते. दोन कारणं वेगळी करायची तर प्रिसेटने आउटपुट 2-3 व्होल्टवर आणा. त्रिकोण जाईल, 7 टक्के राहतील. मग TL071 बसवा. पिन त्याच आहेत, गेन-बँडविड्थ साधारण 3 मेगाहर्ट्झ, आणि फरक दोन-अडीच टक्क्यांवर येतो. तरीही 7 टक्केच राहिले, तर मात्र कपॅसिटर मोजायला घ्या.