आठवड्याची एक्स्पायरी की महिन्याची? ऑप्शन विकणाऱ्याचा हिशेब

ऑप्शन विकायला लागलो तेव्हा माझा हिशेब सरळ होता. निफ्टी 25,000 वर आहे आणि आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली वर्षभराची हालचाल, 12 टक्के आहे असं धरा. 28 दिवस उरलेला 25,000 चा स्ट्रॅडल, म्हणजे त्याच स्ट्राइकचा कॉल आणि पुट, साधारण 664 रुपयांना विकला जातो. सात दिवसांचा 332 ला. चार आठवडे चार वेळा विकला तर 1,328, म्हणजे मंथलीच्या दुप्पट. मग मंथली विकतं कोण, असं वाटायचं.

उत्तर मिळालं एका गुरुवारी. निफ्टीची एक्स्पायरी तेव्हा गुरुवारी असायची (आता मंगळवारी असते) आणि लॉट 25 चा होता. दुपारी दोनच्या सुमारास निफ्टी 22,060 वर रेंगाळत होता. मी 22,150 चे कॉल 6 रुपयांना विकले, दहा लॉट. दीड तासात 1,500 रुपये सुटणार होते. स्टॉपलॉसचा ट्रिगर 12 आणि लिमिट 13 लावून चहा प्यायला गेलो. ट्रिगर लागताच बाजारभावाला सुटणारी एसएल-एम ऑर्डर ऑप्शनमध्ये एनएसईने 2021 मध्येच बंद केली, त्यामुळे लिमिट द्यावीच लागते. भाव 11 वरून थेट 16 ला गेला. ट्रिगर लागला, पण 13 ला विकणारा कोणीच नव्हता आणि ऑर्डर तशीच लटकत राहिली. तीन वाजून गेल्यावर निफ्टी 22,195 वर असताना मी 52 ला सोडवून घेतले. 1,500 च्या आशेने 11,500 गेले, आणि निफ्टी हलला होता जेमतेम 135 पॉइंट.

थीटा म्हणजे ऑप्शनची रोजची झीज. डेल्टा म्हणजे निफ्टी एक पॉइंट हलला की ऑप्शनचा भाव किती हलतो ते, आणि तो डेल्टा किती झपाट्याने बदलतो तो गॅमा. थीटा वेगळा आणि गॅमा वेगळा असं मी तोवर समजत होतो. थीटा ही गॅमाची मजुरी आहे, हे नंतर कागदावर मांडल्यावर कळलं. वरच्याच उदाहरणात वीकली स्ट्रॅडल पहिल्या दिवशी सुमारे 24 रुपये झिजतो आणि मंथली 12. पण वीकलीचा गॅमाही बरोबर दुप्पट असतो. नफा-तोटा नसलेली दिवसाची हालचाल काढली तर दोन्हीकडे एकच आकडा येतो: सुमारे 157 पॉइंट. आयव्हीला 365 च्या वर्गमुळाने भागून निफ्टीने गुणलं की तो मिळतो. त्यात दिवस किती उरले याचा संबंधच नाही. निफ्टी रोज 157 पेक्षा कमी हलला तर दोन्ही विकणारे कमावतात, जास्त हलला तर दोघेही गमावतात. वीकलीवाला फक्त दुप्पट वेगाने.

म्हणून आता मी लॉटची तुलना प्रीमियमवर करत नाही, गॅमावर करतो. एक वीकली म्हणजे दोन मंथली. दोन्हीची रोजची झीज सारखीच, धोकाही सारखा. मग फरक उरतो तो व्हेगाचा, म्हणजे आयव्ही वाढली तर काय होतं याचा. एका रात्रीत निफ्टी 400 पॉइंट उडाला तर एका वीकली स्ट्रॅडलवर सुमारे 130 रुपये जातात आणि एका मंथलीवर 65. त्यातच आयव्ही दोन पॉइंटनी वाढली की वीकलीला आणखी 30 लागतात, मंथलीला मात्र 95. दोन्हीकडे बेरीज 160 च्या आसपास. मंथलीत गॅमा कमी म्हणून निवांत झोपणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. मोठ्या गॅपनंतर वीकलीची आयव्ही जास्त उसळते, हेही खरं.

हे सगळं सात दिवस उरलेल्या वीकलीबद्दल. शेवटच्या दिवसाचं गणितच निराळं. सोमवारी बंदच्या वेळी तोच स्ट्रॅडल 125 रुपयांचा उरतो आणि गॅमा आठवडाभरापूर्वीच्या अडीचपटीहून जास्त झालेला असतो. मंगळवारी निफ्टी 200 पॉइंट गेला तर 75 चा तोटा नक्की, सावरायला दुसरा दिवस नाही. दुपारी तर 25,000 च्या आसपास निफ्टी खालीवर होताना डेल्टा 0.2 वरून 0.8 वर आणि परत येतो. प्रत्येक वेळी फ्यूचर घेऊन-विकून हेज करायला गेलात तर वर घ्याल आणि खाली विकाल. नोव्हेंबर 2024 पासून सेबीने एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर 2 टक्के जादा मार्जिनही लावलं आहे. 65 च्या लॉटला 25,000 वर ते साडेबत्तीस हजार होतं. रक्कम तयार नसेल तर ब्रोकर आपल्या सोयीच्या भावाला पोझिशन कापतो.

माझी पद्धत आता अशी. मंथली 25-30 दिवस असताना विकतो आणि आठ दिवस उरले की निघतो, नफा कितीही असो. वीकली मंथलीच्या निम्म्या लॉटमध्ये, सोमवारी दुपारपर्यंतच, आणि लांबच्या स्ट्राइकचे कॉल-पुट विकत घेऊन. सहा रुपयांचा ऑप्शन मंगळवारी दुपारी विकत नाही. आमच्या ओळखीचे एक काका अजून विकतात आणि महिन्याला तीन आठवडे हसत असतात. चौथ्या आठवड्यात त्यांचा फोन लागत नाही.