चिन्ह चुकतंय, पण मुलगा धांदरट नाही

"मॅडम, पोरगं हुशार आहे, पण धांदरट आहे. प्लस-मायनस बघतच नाही की. रोज पन्नास गणितं करायला लावा."

चाचणीचा पेपर घरी गेला त्याच संध्याकाळी बारावीच्या एका मुलाच्या वडिलांचा हा फोन आला. मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, अकरावी-बारावीच्या फिजिक्सची शिकवणी घेते. सुरुवातीची काही वर्षं मीही अशा पेपरांच्या समासात लाल पेनाने 'चिन्ह बघ!' एवढंच लिहून पुढे जात असे. त्याने कुणाचं काही सुधारलं नाही. म्हणून या वेळी फोनवर लगेच हो न म्हणता मी मुलाच्या वह्या मागवल्या आणि तीन दिवसांनी वडिलांना सविस्तर चिठ्ठी लिहिली. नव्याने शिकवणी सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ती आणि तिच्याआधीची तपासणी इथे देते आहे.

वह्यांमध्ये मी एकच गोष्ट शोधली: चूक कुठे कुठे होते? थर्मोडायनॅमिक्सची चौदा गणितं चुकली होती. त्यातल्या अकरा गणितांत आकडेमोड बिनचूक होती, लिटरचे घनमीटरही बरोबर केले होते, फक्त कार्याचं चिन्ह उलटं होतं. त्याच वहीत मागे रोटेशनल डायनॅमिक्सचा पाठ होता. तिथेही घड्याळाच्या दिशेने मायनस, उलट दिशेने प्लस अशी चिन्हं पानोपानी आहेत. तिथे पठ्ठ्याची एकही चूक नव्हती. धांदरट मुलाच्या चुका सगळ्या पाठांत विखुरलेल्या असतात. या एकाच पाठात आणि एकाच जागी साचल्या होत्या.

मग मी त्याला समोर बसवून तोंडी विचारलं, "सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद केलंस आणि दांडा झपकन खाली दाबलास. उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असं धर. आतल्या हवेचं काय होईल?"

त्याने अजिबात न अडखळता लिहिलं: Q शून्य. कार्य होतंय, म्हणून W प्लस. ΔU = Q − W, म्हणजे उत्तर मायनस. "हवा थंड होईल, मॅडम."

"हवा भरून झाल्यावर पंपाला खालच्या बाजूला कधी हात लावलायस?"

"लावलाय. गरम असतो." एवढं बोलून तो वहीकडे बघत राहिला. थोडी गरमी दट्ट्याच्या घासण्याचीही असते, पण मुख्य कारण हवा दाबली जाते हेच, हे मी त्याला सांगितलं. तरी वहीतली कुठली ओळ बदलायची हे त्याला कळेना. ज्याची चूक खरंच वेंधळेपणाची असते, तो अशा वेळी "अरे हो!" म्हणतो आणि क्षणात चिन्ह पालटतो. हा गप्प बसला, कारण त्याच्या दृष्टीने चारही ओळी बरोबर होत्या. 'W म्हणजे नेमकं कुणी कुणावर केलेलं कार्य?' हा प्रश्नच त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता.

तो न येण्याला एक सबळ कारण आहे आणि नव्या शिक्षकाने ते पहिल्या तासाआधी माहीत करून घ्यायला हवं. राज्य मंडळाच्या बारावीच्या फिजिक्समध्ये थर्मोडायनॅमिक्स हा चौथा पाठ आहे आणि केमिस्ट्रीतही केमिकल थर्मोडायनॅमिक्स चौथाच आहे. बऱ्याचदा दोन्ही एकाच सुमाराला शिकवले जातात. फिजिक्समध्ये पहिला नियम ΔU = Q − W असा लिहितात आणि तिथे W म्हणजे वायूने केलेलं कार्य. केमिस्ट्रीत तो ΔU = Q + W असा येतो आणि तिथे W म्हणजे वायूवर केलेलं कार्य, जे −PΔV असतं. दोन्ही बरोबर आहेत. क्लॉसियसने 1850 मध्ये हा नियम मांडला तेव्हा विषय वाफेच्या इंजिनाचा होता. उष्णता आत घालायची, काम बाहेर काढायचं, म्हणून बाहेर पडणारं काम धन. फिजिक्सने ती रीत ठेवली. केमिस्ट्री मात्र सिस्टिममध्ये येईल ते सगळं धन मानते. मुलाने केमिस्ट्रीतला प्लस उचलला होता आणि फिजिक्समधला PΔV. कधी नेमकं याच्या उलट.

वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब सांभाळतात. त्यामुळे चिठ्ठी त्यांच्याच भाषेत लिहिता आली.

सप्रेम नमस्कार,

चिरंजीवांच्या तिन्ही वह्या नीट पाहिल्या. तुम्ही म्हणालात तसं नाही, तो चिन्हं न बघता पुढे जात नाही. तो चिन्ह बघतो, विचार करून लिहितो आणि ते उलटं असतं. 'पुन्हा तपास' म्हटलं की प्रामाणिकपणे तपासतो आणि तेच उत्तर पुन्हा काढतो. म्हणून रोज पन्नास गणितं नकोत. त्याने उलटी रीतच पक्की होईल.

त्याच्या वहीतलं एक गणित बघा. एका सिलिंडरमधल्या वायूला 700 ज्यूल उष्णता दिली. बाहेरचा दाब कायम 1,00,000 पास्कल आहे. वायू 2 लिटरचा 5 लिटर झाला, म्हणजे दट्ट्या बाहेर ढकलताना त्याने 300 ज्यूल काम केलं. 700 आत आले, 300 कामात बाहेर गेले, तर वायूच्या पोटात 400 उरले. चिरंजीवांनी बेरीज करून 1000 लिहिलेत. आता उलट बाजू. तोच वायू त्याच दाबाखाली 5 लिटरवरून 2 लिटरवर आणला आणि 700 ज्यूल उष्णता बाहेर गेली. इथे बाहेरच्या दाबाने वायूवर 300 ज्यूल काम केलं, म्हणजे 700 गेले, 300 आले, वायूची ऊर्जा 400 ने घटली. त्याने लिहिलंय उणे 1000.

आता तुमच्या कामातलं. मालकांनी 300 रुपये बँकेत भरले, तर तुमच्या खतावणीत बँकेच्या खात्याला ते नावे पडतात आणि बँकेच्या पासबुकात तेच जमा दिसतात. व्यवहार एकच, रक्कम एकच, वही कुणाची यावर बाजू ठरते. नव्या पोराने पासबुकातली बाजू जशीच्या तशी खतावणीत उतरवली, तर तुम्ही त्याला धांदरट म्हणणार नाही. त्याला वही कुणाची हेच समजलेलं नाही, असं म्हणाल. चिरंजीवांचं तसंच झालंय. फिजिक्सचं पुस्तक काम वायूच्या खर्चाच्या बाजूला मांडतं, केमिस्ट्रीचं जमेच्या. तो दोन वह्यांतल्या नोंदी एकत्र करतोय.

याचा पुरावाही तुम्हालाच तपासता येईल. नोंद उलट्या बाजूला पडली की तेरजेत फरक रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून तुम्ही फरकाची निम्मी रक्कम शोधता. वरच्या गणितात बरोबर उत्तर 400, त्याचं 1000. फरक 600, त्याचे निम्मे 300, म्हणजे तंतोतंत कामाचा आकडा. मी खुणा केलेल्या अकराही गणितांत असंच निघतं. हिशेबातली घाईची चूक इतकी शिस्तीत येत नाही.

पुढचे दोन आठवडे मी त्याला रोज तीनच गणितं देणार आहे. सूत्र लिहिण्याआधी तो एक गोल काढेल, आत 'वायू' लिहील आणि आत येणारी व बाहेर जाणारी ऊर्जा बाणांनी दाखवेल. मग शेजारी मराठीत एक वाक्य लिहील: वायूने काम केलं की वायूवर केलं गेलं. तेवढे दिवस केमिस्ट्रीचा तो पाठ त्याच संध्याकाळी उघडू देऊ नका, एवढीच विनंती. त्याला रागावू नये असंही वाटतं. तो लक्ष देऊनच चुकतोय.

चिठ्ठी इथे संपते.

त्या मराठी वाक्याबद्दल जरा सांगायला हवं. आपली मुलं बारावी सायन्स इंग्रजीतून शिकतात. प्रश्नात कार्य वायूने केलं की वायूवर झालं, हे इंग्रजीत एका चिमुकल्या शब्दावर ठरतं आणि घाईने वाचताना तो शब्द नजरेतून सुटतो. मराठीत 'ने' आणि 'वर' हे नामाला चिकटूनच येतात, त्यामुळे वाक्य पुरं करायचं तर मुलाला निर्णय घ्यावाच लागतो. या मुलाने पहिल्या दिवशी 'वायूचं काम झालं' असं लिहिलं. 'वायूचं' म्हणजे दोन्ही आणि काहीच नाही. नेमकी पोकळी कुठे आहे ते त्या एका शब्दात दिसलं. मी ते वाक्य न खोडता त्याच्याकडूनच बदलून घेतलं.

बाणांच्या रीतीला मर्यादा आहेत. ऊर्जा आत आली की तापमान वाढणारच, असा अर्थ मुलं लगेच काढतात. आदर्श वायूच्या गणितांत ऊर्जा वाढली की तापमान वाढतं, तिथे ते चालतं. पण बर्फ वितळताना उष्णता आत जाते, अंतर्गत ऊर्जा वाढते आणि तापमान शून्य अंशावरच राहतं. हे त्याच वेळी सांगून ठेवावं, नाहीतर एक पोकळी बुजवताना दुसरी पडते. शिवाय चिन्हाची प्रत्येक चूक संकल्पनेची असते असंही नाही. या मुलाच्या उरलेल्या तीन चुकांपैकी एक निव्वळ कंस सोडवतानाची होती. विचारताच त्याने स्वतः पकडली. तिच्यासाठी पालकांना चिठ्ठी लिहायची गरज नसते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी दोन्ही पुस्तकं एकदम उघडायला लावली. एकच गणित डाव्या पानावर फिजिक्सच्या रीतीने, उजव्या पानावर केमिस्ट्रीच्या रीतीने. डावीकडे W = +300, उजवीकडे W = −300, खाली दोन्हीकडे ΔU = 400. तो बराच वेळ दोन्ही पानं बघत बसला आणि मग म्हणाला, "मग खरं W कुठलं?" मी म्हटलं, "बाबांना विचार, खरी रक्कम खतावणीतली की पासबुकातली?"

त्या रविवारी वडील स्वतः जुनी वही घेऊन बसले होते. प्रत्येक चुकलेल्या उत्तराशेजारी त्यांनी फरकाची निम्मी रक्कम पेन्सिलीने लिहिली होती आणि ती गणितातल्या एखाद्या आकड्याशी जुळली तिथे तिला गोल केला होता. वही परत आली तेव्हा अकराच्या जागी बारा गोल होते. बारावं मी तपासताना माझ्या नजरेतून निसटलेलं गणित होतं. तिथे कामाऐवजी उष्णतेचं चिन्ह उलटलं होतं.

पुढच्या चाचणीत कामाचं चिन्ह एकदाही चुकलं नाही. चुकली ती आयसोथर्मल प्रसरणाची दोन गणितं: दोन्हीत त्याने Q शून्य धरलं होतं. तापमान बदललं नाही म्हणजे उष्णता आलीच नाही, असं त्याला वाटतंय. सध्या आम्ही त्यावर बसलो आहोत. गोल तोच आहे, फक्त आत येणारा बाण आणि बाहेर जाणारा बाण सारख्याच लांबीचे काढायचे.