स्वतःचं गाणं स्पॉटिफाय-जिओसावनवर कसं चढवावं आणि त्याला किती पैसे लागतात

गाणं तुमचं आहे, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग झालंय, मास्टर केलेली वेव्ह फाइल हातात आहे, हे गृहीत धरते. एमपीथ्री देऊ नका. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, जेपीजी. त्यावर फोन नंबर, इन्स्टाग्रामचं हँडल किंवा 'सबस्क्राइब करा' लिहिलंत तर गाणं परत येतं. इतकी तयारी पुरे.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांच्याकडे आपण थेट गाणं देऊ शकत नाही. स्पॉटिफायने २०१८ मध्ये थेट अपलोडचा प्रयोग केला होता आणि पुढच्याच वर्षी तो गुंडाळला. म्हणून मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. तो फाइल आणि माहिती सगळीकडे पोचवतो, येणारे पैसे गोळा करून तुम्हाला देतो. गाण्याचे हक्क तुमच्याकडेच राहतात. जो डिस्ट्रिब्युटर हक्कच मागतो, तो डिस्ट्रिब्युटर नसून लेबल आहे. त्याचा करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

पैसे घेण्याच्या तऱ्हा तीनच आहेत. डिस्ट्रोकिडसारखे लोक वर्षाची वर्गणी घेतात, हवी तितकी गाणी टाकू देतात आणि कमिशन घेत नाहीत. सीडी बेबी प्रत्येक रिलीजला एकदाच साधारण १० डॉलर घेते आणि पुढे कमाईतले ९ टक्के. राउटनोटच्या फुकट योजनेत आधी काही द्यावं लागत नाही, मात्र ते १५ टक्के कापतात आणि खात्यात ५० डॉलर जमेपर्यंत पैसे सोडत नाहीत. हे दर बदलत असतात. कार्ड काढण्यापूर्वी त्या दिवशीचं पान बघा.

आता हिशेब करू. समजा तुम्ही वर्षाला दोन गाणी काढता आणि हे पाच वर्षं चालणार आहे. डॉलर ९० रुपये धरू. डिस्ट्रोकिडची सगळ्यात स्वस्त वर्गणी वर्षाला साधारण २५ डॉलर, म्हणजे २,२५० रुपये. कार्डावर बँकेचा परकी चलनाचा मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी धरून २,३५० च्या आसपास. पण त्या योजनेत रिलीजची तारीख ठरवता येत नाही. तारखेसाठी वरची योजना घ्यावी लागते, ती ४५ डॉलरच्या घरात. पाच वर्षांचे झाले सुमारे २१ हजार. सीडी बेबीकडे तीच दहा गाणी १०० डॉलरमध्ये, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आत, अधिक ९ टक्के.

वर्गणीची खरी मेख जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसते. वर्गणी थांबली की गाणी खाली उतरू शकतात. ती राहावीत म्हणून डिस्ट्रोकिड 'लेगसी' नावाची सोय विकते, एका सिंगलला २९ डॉलर. दहा गाण्यांचे २९० डॉलर होतात. म्हणजे जी योजना सगळ्यात स्वस्त म्हणून घेतली, ती गाणं थांबवल्यावर सगळ्यात महाग पडते. शिवाय अपलोड करताना शझाम, स्टोअर मॅक्सिमायझर, कंटेंट आयडी असे छोटे चौकोन दिसतात. प्रत्येक टिकमार्क म्हणजे दरवर्षीचे वेगळे पैसे. नव्या माणसाने ते कोरे सोडावेत, कंटेंट आयडीचं पुढे वेगळं सांगते.

माझं मत स्पष्ट आहे. स्ट्रीमिंगमधून वर्षाला पंधरा हजारांपेक्षा कमी येत असतील तर १५ टक्के कमिशन हे सर्वात स्वस्त वर्गणीपेक्षाही कमी भरतं, आणि नवीन मराठी गायकाला तेवढे पैसे क्वचित येतात. भारतातला एक स्ट्रीम रुपयांत नव्हे, पैशांत मोजतात. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याचे मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. वर्षाला दोन-तीन गाणी काढणाऱ्याने एकदाच पैसे घेणारा किंवा कमिशनवाला डिस्ट्रिब्युटर धरावा. महिन्याला गाणं काढत असाल तरच वर्गणी परवडते. कॉलर ट्यून हवी असेल तर भारतातल्या डिस्ट्रिब्युटरकडे चौकशी करा, बाहेरच्यांना त्याचं काही पडलेलं नसतं.

खातं उघडणं दहा मिनिटांचं काम. नाव पॅन कार्डावर आहे तसंच टाका.

आता फॉर्म. 'फॉर्म काय, कुणीही भरेल' असं सांगणारे व्हिडिओ मी बघितले की माझं डोकं फिरतं. फाइल चुकली तर डिस्ट्रिब्युटर परत पाठवतो. नाव चुकीच्या जागी गेलं तर कुणीही अडवत नाही, गाणं तसंच जगभर जातं. माझं पहिलं गाणं माझ्याच नावाच्या दुसऱ्या एका गायिकेच्या पानावर जाऊन बसलं होतं, वर-खाली तिची भोजपुरी होळीची गाणी आणि मधोमध माझं पावसाचं गाणं. डिस्ट्रिब्युटरने नावावर नाव जुळवून परस्पर ढकललं होतं, आणि त्यांच्या मदत केंद्राकडून दर वेळी तेच छापील उत्तर यायचं.

म्हणून आधी स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिकवर स्वतःचं नाव शोधा. स्नेहा कुलकर्णी किंवा अमोल जाधव असं नाव असेल तर तिथे आधीच कुणीतरी असणार. नावात काहीतरी वेगळं घाला: वडिलांचं नाव, गावाचं नाव, काहीही. पण एकदा ठरलं की प्रत्येक गाण्याला अक्षर न अक्षर तेच. एका गाण्याला `Sneha V Kulkarni` आणि दुसऱ्याला `Sneha V. Kulkarni` लिहिलंत तर त्या एका टिंबापायी दोन पानं तयार होऊ शकतात.

पहिल्याच गाण्याला फॉर्म विचारतो, की कलाकाराचं पान आधीपासून आहे का. यादीत तुमचंच नाव दिसेल, फोटोही बरा असेल, तरी त्यावर बोट ठेवू नका. नवीन पान बनवा हाच पर्याय निवडा. दुसऱ्या गाण्यापासून उलटं. तेव्हा आपल्या पानाची लिंक कॉपी करून चिकटवायची. ती अशी दिसते:

```
https://open.spotify.com/artist/<२२ अक्षरांचा आयडी>
```

ॲपलच्या लिंकच्या शेवटी नुसता आकडा असतो, तोही तसाच द्या. असा प्रश्नच न विचारणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर अपलोड करण्यापूर्वी त्यांना ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही तर दुसरा बघा. गाणं भलत्या पानावर गेलंच, तर 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'मधून ते हलवण्याची विनंती करता येते, ॲपलचंही तसंच. जिओसावनसाठी मात्र डिस्ट्रिब्युटरच्या मागे लागावं लागतं.

मग श्रेयं. समजा 'पाऊसवेळ' नावाचं गाणं आहे. चाल आणि गळा तुमचा, शब्द मैत्रिणीचे, वाद्यसंयोजन एका मित्राचं. मुख्य कलाकाराच्या जागी फक्त तुमचं नाव. मित्राला प्रेमापोटी तिथे बसवलंत तर गाणं त्याच्याही पानावर जाईल, आणि उद्या भांडण झालं तर काढताना नाकी नऊ येतील. त्याचं नाव निर्माता किंवा संयोजक म्हणून श्रेयांत येतं. संगीतकार आणि गीतकार या जागी कायद्याने असलेली पूर्ण नावं, टोपणनावं नाहीत. शीर्षकात फक्त `Paausvel`. पुढे 'मराठी सॉन्ग', 'ऑफिशियल', 'नवीन', इमोजी, यातलं काही नको, गाणं परत येतं. भाषा मराठी निवडा, हिंदी नको. शीर्षक देवनागरीत देता येतं, पण मी रोमनमध्ये देते, कारण फोनवर शोधणारे बहुतेक लोक रोमनमध्येच टाइप करतात.

'मूळ गाणं की कव्हर' या प्रश्नापाशी अभंग गाणारे अडतात. तुकोबांच्या शब्दांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. चाल मात्र कुणाची आहे ते बघा. भारतात संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चाल स्वतः लावली असेल तर खुशाल मूळ म्हणून टाका. रेडिओवर ऐकलेली चाल 'पारंपरिक' म्हणून खपवू नका.

आयएसआरसी कोडची जागा पहिल्यांदा रिकामी सोडा, डिस्ट्रिब्युटर देतो. हा बारा अक्षरी कोड त्या रेकॉर्डिंगची ओळख. गाणं लागल्यावर तो आणि पूर्ण रिलीजचा यूपीसी नावाचा कोड एका एक्सेल शीटमध्ये लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर नव्या ठिकाणी तीच फाइल, तेच शीर्षक आणि तोच कोड द्यायचा, गाणं नव्याकडून वर दिसू लागलं की मगच जुन्याकडून उतरवायचं. कोड बदलला तर स्ट्रीमचा आकडा शून्यापासून सुरू होतो.

यूट्यूब कंटेंट आयडी म्हणजे इतरांच्या व्हिडिओत तुमचं गाणं ओळखून त्यावर दावा लावणारी सोय. त्या चौकोनावर एकच विचार करा: गाण्यात विकत किंवा फुकट घेतलेला बीट, तयार लूप आहे का? असेल तर टिक करू नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा लागतो, मग तक्रारी तुमच्यावर येतात. सगळं वाजवून घेतलं असेल तर टिक चालेल, पण आधी तुमचं स्वतःचं चॅनेल वगळायला सांगा. नाहीतर पहिला दावा तुमच्याच व्हिडिओवर येईल.

तारीख किमान तीन-चार आठवडे पुढची, शुक्रवारची. गाणं डिस्ट्रिब्युटरकडून पुढे गेलं की 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'वर त्यांच्या संपादकांना पाठवा. रिलीजच्या आधी सात दिवस तरी पाठवलं तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार' नावाच्या नव्या गाण्यांच्या यादीत येतं. हे फुकट असतं. पाचशे रुपयांत दहा हजार स्ट्रीम विकणाऱ्यांना मात्र पैसे देऊ नका. खोटे स्ट्रीम पकडले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं, तो तुमच्या खात्यातून वळता होतो किंवा गाणंच उतरवलं जातं.

परदेशी डिस्ट्रिब्युटर `W-8BEN` नावाचा अमेरिकी कराचा फॉर्म भरायला लावतो. तो टाळू नका. पॅन नंबर टाकून भारत-अमेरिका कराराचं कलम १२ निवडलं तर तिथल्या कमाईवर १५ टक्के कापतात, नाहीतर ३० टक्के.

पैसे दोन-तीन महिन्यांनी दिसायला लागतात. आणि डिस्ट्रिब्युटर देतो ते फक्त रेकॉर्डिंगचे. चाल आणि शब्दांची रॉयल्टी वेगळी असते, ती आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था गोळा करते. संगीतकार म्हणून तुम्ही आणि गीतकार म्हणून मैत्रीण, दोघींनी तिथे स्वतंत्र सदस्यत्व घ्यायचं आणि गाणं नोंदवताना वाटा किती टक्के हे आधी बोलून ठरवायचं. तिथे त्याच एक्सेल शीटमधला आयएसआरसी लागेल.