या चुका टाळा : ब्रेक पॉइंटची टक्केवारी वाचताना

२०१५च्या यूएस ओपनची अंतिम लढत म्हटलं की रॉजर फेडररच्या चाहत्यांना एकच आकडा आठवतो : ब्रेक पॉइंट, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस भेदायला एकच गुण उरलेल्या संधी, २३, साधले फक्त ४. नोव्हाक जोकोविचने तो सामना ६-४, ५-७, ६-४, ६-४ असा जिंकला आणि 'मोक्याच्या क्षणी फेडररचा हात आखडतो' हे मत अनेकांच्या मनात पक्कं झालं. मला ते मत चुकीचं वाटतं. ते ज्या आकड्यावर उभं आहे, तो वाचताना होणाऱ्या चुका आपण जवळजवळ प्रत्येक सामन्यात करतो. म्हणून हाच सामना धरून बोलू.

टक्के पाहिले, संधी मोजल्याच नाहीत

फेडररचे २३पैकी ४ म्हणजे १७ टक्के, जोकोविचचे १३पैकी ६ म्हणजे ४६ टक्के. नुसते टक्के पाहिले तर सामना एकतर्फी वाटेल. प्रत्यक्षात जोकोविचने एकूण १४७ गुण घेतले आणि फेडररने १४५. ब्रेक पॉइंट आपोआप मिळत नाहीत. समोरच्याच्या सर्व्हिसवर आधी किमान तीन गुण काढावे लागतात, तेव्हा ती वेळ येते. २३ हा आकडा फेडररचा रिटर्न किती चालत होता हे सांगतो, पण टक्केवारीत तो खाली, छेदात जाऊन बसतो आणि उलट खेळाडूच्याच विरोधात मोजला जातो.

त्यात आणखी एक गोची आहे. एखादा गेम ड्यूसवर लांबला, रिटर्न करणाऱ्याला पाच ब्रेक पॉइंट मिळाले आणि पाचवा त्याने साधला, तर नोंद होते २० टक्के. दुसऱ्या गेममध्ये पहिलाच ब्रेक पॉइंट साधला, तर १०० टक्के. स्कोअरबोर्डवर दोन्हींची किंमत सारखीच, एक ब्रेक. त्यामुळे किती ब्रेक पॉइंट साधले यापेक्षा किती गेममध्ये ब्रेकची वेळ आणली आणि त्यातले किती गेम घेतले, हे विचारावं.

एका सामन्यातून स्वभाव ठरवला

ब्रेक पॉइंट हाही शेवटी रिटर्नवरचा एक गुणच असतो. समजा, एखादा खेळाडू रिटर्नवर १००पैकी ४० गुण घेतो. त्याला सामन्यात आठ ब्रेक पॉइंट मिळाले तर सरासरी तीन साधायला हवेत. पण गणित केलं तर दोनपासून पाचपर्यंत काहीही निघणं अगदी नेहमीचं आहे. सहापैकी पाच वेळा आकडा याच टप्प्यात पडेल. म्हणजे तोच खेळाडू, तोच दर्जा, तरी एका दिवशी २५ टक्के आणि दुसऱ्या दिवशी ६२. पंचवीसच्या दिवशी आपण त्याला घाबरट म्हणतो आणि बासष्टच्या दिवशी पोलादी मनाचा.

२३पैकी ४ मात्र या हिशेबातही कमीच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ४० टक्क्यांच्या दराने नऊच्या आसपास साधले जायला हवे होते. त्या रात्री ते गुण हातून गेले आणि सामनाही गेला, हे खरं. पण त्यावरून स्वभाव ठरवायचा तर सगळी कारकीर्द पाहावी लागते. कारकिर्दीत फेडररने रिटर्नवर सुमारे ४० टक्के गुण घेतले आणि ब्रेक पॉइंट साधले सुमारे ४१ टक्के. जोकोविचचे हेच आकडे सुमारे ४२ आणि ४४. ब्रेक पॉइंटला फेडररचा खेळ कोसळत असता तर त्याचा ४१ हा आकडा ४०च्या बराच खाली दिसला असता. तसं नाही. जोकोविच ब्रेक पॉइंट जास्त साधतो याचं मुख्य कारण तो एरवीच्या गुणांतही जास्त चांगला रिटर्न करतो.

दुसरी बाजू पाहिलीच नाही

माझ्या मते या सामन्याची सगळ्यात मोठी चुकलेली नोंद ही आहे. चारही सेट मिळून दोघांनी २१-२१ सर्व्हिस गेम खेळले. जोकोविचने त्यातले १७ राखले, फेडररने १५. कारकिर्दीत दहापैकी जवळपास नऊ गेम राखणाऱ्या खेळाडूची सर्व्हिस एका सामन्यात सहा वेळा भेदली गेली. चर्चा मात्र चुकलेल्या १९ संधींचीच होत राहिली. फेडररने नेहमीच्या दराने सर्व्हिस राखली असती तर रिटर्नवरचे ते चार ब्रेक कदाचित पुरले असते.

म्हणूनच पाहायचे मुख्य आकडे दोन : आपल्या सर्व्हिसवर किती टक्के गुण घेतले आणि समोरच्याच्या सर्व्हिसवर किती. यातला छोटा फरकही गेममध्ये फुगतो. सगळे गुण सारख्याच दराने पडतात असं धरलं तर रिटर्नवर ३० टक्के गुण घेणारा दहातला एक गेम भेदतो. ३५ टक्क्यांना तो १७ टक्के गेम भेदतो आणि ४० टक्क्यांना २६. हा हिशेब कागदी वाटेल, पण फेडररने कारकिर्दीत भेदलेले गेम सुमारे २७ टक्के आहेत. रिटर्नच्या गुणांतून त्याचे ब्रेक जवळजवळ थेट काढता येतात. ब्रेक पॉइंटच्या टक्केवारीची गरजच पडत नाही.

सर्व्हिसचा आकडा फोडून पाहताना 'पहिली सर्व्हिस किती टक्के आत' एवढ्यावर थांबू नका. समजा, पहिली सर्व्हिस ६० टक्के आत पडते, तिच्यावर ७५ टक्के गुण मिळतात आणि दुसरीवर ५०. एकूण झाले ४५ अधिक २०, म्हणजे ६५ टक्के. आता वेग कमी करून ७० टक्के आत टाकल्या, पण त्यावर ६८ टक्केच गुण मिळाले, तर एकूण ६२.६. आत पडण्याचा आकडा सुधारला आणि सर्व्हिस बिघडली. मुलांच्या सामन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी हा गुणाकार जरूर करावा. एस आणि डबल फॉल्ट वेगळे मोजायला हरकत नाही, पण ते या एकूण आकड्यात आधीच आलेले असतात.

बहुतेक ब्रेक पॉइंट एकाच जागेवरून, हे विसरलो

४०-३० किंवा ड्यूसच्या मागे-पुढे काय चाललंय ते आपण पाहतो, सर्व्हिस कुठल्या बाजूने होते ते पाहत नाही. ०-४०, ३०-४० आणि ड्यूसनंतरचा अ‍ॅडव्हांटेज, हे सगळे ब्रेक पॉइंट अ‍ॅडव्हांटेज कोर्टात, म्हणजे रिटर्न करणाऱ्याच्या डाव्या बाजूला, खेळले जातात. ड्यूस कोर्टात येतो तो फक्त १५-४०. डावखुऱ्याला ही बाजू फार सोयीची, कारण त्याची स्लाइस सर्व्हिस उजव्या खेळाडूच्या बॅकहँडकडे, कोर्टाबाहेर वळत जाते. २००७च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम लढतीत फेडररने राफाएल नदालविरुद्ध १७पैकी फक्त १ ब्रेक पॉइंट साधला. तिथे मनोधैर्याची चर्चा करण्याआधी डावखुरी सर्व्हिस आणि एका हाताचा बॅकहँड ही जोडी पाहायला हवी. अशा वेळी दोन्ही कोर्टांतले रिटर्नचे गुण वेगळे काढा. अ‍ॅडव्हांटेज कोर्टात ब्रेक पॉइंट नसतानाही तितकीच अडचण दिसली, तर दोष दडपणाचा नाही, रिटर्नच्या जागेचा किंवा फटक्याचा आहे.

सर्व्हिस-रिटर्नच्या आकड्यांनाही मर्यादा आहे. २०१९च्या विम्बल्डन अंतिम लढतीत फेडररने २१८ गुण घेतले, जोकोविचने २०४. ब्रेक पॉइंटमध्येही फेडररच पुढे होता, १३पैकी ७ विरुद्ध ८पैकी ३. तरी विजेता जोकोविच, कारण त्याने जिंकलेले तीनही सेट टायब्रेकवर गेले आणि ते त्याने ७-५, ७-४, ७-३ असे घेतले. फेडररची आघाडी मुख्यतः ६-१ने जिंकलेल्या दुसऱ्या सेटमध्ये साठली होती. म्हणून एका सामन्याचा निकाल समजून घ्यायचा असेल तर गुण सेटनिहाय मांडा. खेळाडू कसा आहे हे ठरवायचं असेल तर पूर्ण मोसमाचे सर्व्हिस आणि रिटर्नचे गुण घ्या, तेही हार्ड कोर्ट, क्ले आणि ग्रासचे वेगवेगळे.